दहा मिनिटांत 1.8 कसा सांगायचा

प्रश्न: परिषदेत 10 मिनिटे बोलायचे आहे. 764 विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण, लॉजिस्टिक रिग्रेशन. 6 तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांसाठी किमान एका विषयात नापास होण्याचा ऑड्स रेशो 1.8 आला (95% कॉन्फिडन्स इंटर्व्हल 1.3 ते 2.5, p < 0.001). आकडे बदललेत, पण अभ्यासाची घडण हीच. श्रोत्यांत इतिहासवाल्यांपासून संख्याशास्त्रवाल्यांपर्यंत सगळे असतील. पद्धत आणि निष्कर्ष दोन्ही बसवणारी स्क्रिप्ट कशी लिहू?

उत्तर:

आधी तो 1.8 बाजूला ठेवा. हा आकडा जसाच्या तसा बोललात तर सभागृहातले बहुतेक लोक ‘नापास होण्याची शक्यता 1.8 पट’ असे ऐकतील, आणि ते चूक आहे. ऑड्स म्हणजे नापास झालेल्यांना पास झालेल्यांनी भागून येणारा आकडा. शक्यता काढताना आपण नापास झालेल्यांना एकूण संख्येने भागतो.

तुमच्या आकड्यांशी जुळणारी विभागणी धरू. पुरेसे झोपणारे 464, त्यांतले 93 नापास, म्हणजे 100 मागे 20. कमी झोपणारे 300, त्यांतलेही 93 नापास, म्हणजे 100 मागे 31. ऑड्स काढले तर 93/371 आणि 93/207, आणि त्यांचे गुणोत्तर 1.8 येते. पण 20 वरून 31 म्हणजे साधारण दीडपट. मराठीत बोलताना 1.8 चे ‘जवळजवळ दुप्पट’ कधी होऊन जाते ते कळतही नाही. स्क्रिप्टमध्ये हा शब्द दिसला की खोडा.

तुमच्या मॉडेलमध्ये प्रवेशाच्या वेळचे गुण, वय वगैरे चल असतीलच. मग टक्केवारी कच्च्या तक्त्यातून न घेता मॉडेलमधून काढा, म्हणजे 1.8 आणि टक्केवारी एकाच हिशोबातून आल्या असे सांगता येईल. R मध्ये:

```r
library(marginaleffects)
d$kami_zop <- factor(d$kami_zop)
m <- glm(napas ~ kami_zop + gun + vay,
         family = binomial, data = d)
avg_predictions(m, variables = "kami_zop")
avg_comparisons(m, variables = "kami_zop")
```

avg_predictions ची ओळ दोन्ही गटांची सरासरी शक्यता देते, avg_comparisons ची त्यांतला फरक आणि त्याचे इंटर्व्हल. वरच्या कच्च्या आकड्यांवर फरक 100 मागे 11 येतो आणि इंटर्व्हल साधारण 5 ते 17. तुमच्या भाषणाचा कणा हाच. बाकी सगळे या आकड्यावर विश्वास ठेवायला मदत करते की नाही, एवढेच तपासायचे.

म्हणून निष्कर्ष पहिल्याच मिनिटात सांगा. शोधनिबंधात तो शेवटी येतो, पण मिश्र श्रोत्यांना पद्धत कशासाठी ऐकायची ते आधी कळावे लागते. सुरुवात अशी होऊ शकते:

> ‘पुरेसे झोपणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांपैकी वीस जण एखाद्या विषयात नापास होतात. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांत हा आकडा एकतीस आहे. पुढची काही मिनिटे मी हे सांगणार आहे, की हे अकरा आम्ही कसे मोजले आणि त्यांवर कितपत विसंबता येईल.’

आकडे अक्षरांत लिहिलेत याकडे लक्ष द्या. 59 आणि 69 समोर आले की एकोणसाठ की एकोणसत्तर म्हणताना जीभ अडखळतेच. स्क्रिप्टमध्ये बोलाल तसेच लिहा. ‘विश्लेषण करण्यात आले’ ऐवजी ‘आम्ही तपासले’.

पद्धतीला तीन मिनिटे द्या आणि तीनच प्रश्नांची उत्तरे द्या. कोणाला विचारले? झोप कशी मोजली? बाकीच्या कारणांचे काय केले? पहिल्यात गळती लपवू नका. समजा 1,200 जणांना प्रश्नावली पाठवली, 812 जणांनी भरली आणि 764 जणांची माहिती पूर्ण होती. हे तीन आकडे एका ओळीत सांगा. साधारण तिघांतल्या एकाने उत्तरच दिले नाही, आणि ते कोण होते हा संख्याशास्त्रवाल्यांचा पहिला प्रश्न असेल. सर्व 1,200 जणांचे प्रवेशाचे गुण उपलब्ध असतील, तर उत्तर न देणाऱ्यांचे गुण वेगळे होते का, ते एका वाक्यात सांगून टाका. दुसऱ्यात, झोप विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेली आहे, उपकरणाने मोजलेली नाही, हे स्पष्ट बोला. तिसऱ्यासाठी ‘लॉजिस्टिक रिग्रेशन’ हा शब्द एकदा उच्चारा, म्हणजे जाणकारांची सोय होते, आणि लगेच इतरांसाठी:

> ‘सोप्या भाषेत, प्रवेशाचे गुण आणि वय सारखे असलेल्या विद्यार्थ्यांत झोपेनुसार किती फरक उरतो, ते आम्ही पाहिले.’

सॉफ्टवेअरचे नाव, प्रश्नावलीची विश्वासार्हता, चलांची यादी भाषणात नको.

निष्कर्षांना साडेतीन मिनिटे आणि एकच आलेख: दोन बिंदू, प्रत्येकाला इंटर्व्हलची उभी रेघ, उभा अक्ष शून्यापासून. आलेख आला की आधी अक्ष वाचा (‘उभ्या अक्षावर शंभरांपैकी नापास किती’), मग तीन सेकंद गप्प राहा, मग आकडा सांगा. लोक नवीन चित्र पाहत असतात तेव्हा ऐकत नाहीत. इंटर्व्हलसाठी ‘95 टक्के खात्री आहे की’ असे म्हणणे टाळा, त्याचा काटेकोर अर्थ तो नाही. ‘आमच्या माहितीशी जुळणारा फरक पाचापासून सतरापर्यंत असू शकतो’ हे बरोबरही आहे आणि कळतेही. p बोलायची गरज नाही. स्लाइडच्या कोपऱ्यात 1.8 (1.3–2.5), p < 0.001 असू द्या. ज्यांना हवे ते वाचतील.

यानंतर क्रियापदे तपासा. हे निरीक्षणात्मक सर्वेक्षण आहे, म्हणून ‘झोप कमी झाल्यामुळे नापास’ म्हणता येणार नाही. ‘कमी झोपणाऱ्यांत नापास होणारे जास्त आढळले’ एवढेच. आधीच मागे पडलेला विद्यार्थी रात्री जागून अभ्यास करतो आणि म्हणून कमी झोपतो, अशी उलटी दिशाही शक्य आहे. मर्यादांच्या दीड मिनिटात मी हीच एक मर्यादा नीट मांडेन. पाच मर्यादांची यादी वाचली तर एकही लक्षात राहत नाही.

आता लांबी. इंग्रजीसाठीचे मिनिटाला 130 ते 150 शब्दांचे गणित मराठीला लावू नका. आपले विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटतात, शब्द लांब होतात. स्वतःचा एक मिनिट मोठ्याने वाचून मोजा. 105 शब्द आले तर नऊ मिनिटांचे 945. त्यातून आलेखाजवळचे थांबे आणि स्लाइड बदलण्याचा वेळ वजा केला की 850 च्या आसपास थांबायला हवे. या 10 मिनिटांत प्रश्नोत्तरे धरली आहेत का, ते आयोजकांना आधीच विचारा. धरली असतील तर हा सगळा हिशोब सातावर आणावा लागेल.

पद्धतीतला एक परिच्छेद पेन्सिलीने चौकटीत ठेवा. झोप मोजण्याचा तपशील त्यासाठी चांगला, कारण ‘विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेली झोप’ एवढे चार शब्द उरले तरी चालते. चौकटीपाशी घड्याळात साडेतीन मिनिटे उलटून गेली असतील तर ती गाळा. अध्यक्षांनी ‘दोन मिनिटे’चा कागद दाखवल्यावर गाळायला बसलात, तर हाताशी फक्त निष्कर्ष आणि मर्यादाच उरलेल्या असतात.

रिग्रेशनचा पूर्ण तक्ता शेवटच्या स्लाइडनंतर राखीव ठेवा. प्रश्न आला की उघडायचा, आणि त्यातल्या ज्या ओळीबद्दल विचारले तेवढीच वाचायची.