रीटेस्ट पास झाली, आता रिग्रेशन कर

समज, ५०० रुपये किंवा जास्त खरेदीवर कूपन लागायला हवं, पण बरोबर ५०० ला लागत नाही. डेव्हलपरने `total > 500` चं `total >= 500` केलं. नव्या बिल्डवर तेच कूपन, तीच ५०० ची कार्ट घेऊन फेल झालेली टेस्ट केस पुन्हा चालव. हे रीटेस्टिंग, बग गेला की नाही, एवढंच ते सांगतं.

मग रिग्रेशन, म्हणजे या बदलामुळे आधी नीट चालणारं काही बिघडलं का ते तपासणं. त्यासाठी डेव्हलपरला विचार, ही अट आणखी कुठे वापरली आहे? (हे मी दर वेळी विचारतेच.) समज, डिलिव्हरी चार्जही त्यावरच ठरतो आणि नियमाप्रमाणे ५०० पर्यंत ४० रुपये घ्यायचे आहेत. आता ५०० ला ते लागतच नाहीत! काल पास झालेली ही केस आज फेल झाली, आणि ती रिग्रेशनमध्येच सापडते.