कथा सांगणारा ‘मी’ मेलेला असतो तेव्हा

प्रश्न: कादंबरी सांगणारा ‘मी’ मेलेला असेल तर त्याला ‘दिवंगत निवेदक’ म्हणावं, ‘मृत निवेदक’ की ‘भूत’? यात अर्थाचा काही फरक आहे का? आणि मेलेल्याच्या तोंडून गोष्ट सांगून लेखकाला मिळतं काय?

‘दिवंगत’ टाळावा. दिवंगत, कैलासवासी, स्वर्गवासी हे मागे राहिलेल्यांचे शब्द आहेत. गेलेल्या माणसाविषयी आपण ते आदराने वापरतो. शिवाय ‘दिवंगत लेखक’ म्हटलं की जिवंतपणी लिहून नंतर वारलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे क्रम उलटा आहे: आधी मरण, मग लेखन.

हाच उलटा क्रम ब्राझीलच्या माशादो द असिस यांच्या कादंबरीत पहिल्याच परिच्छेदात आहे. ‘ब्रास कुबासच्या मरणोत्तर आठवणी’ असं तिचं नाव मराठीत करता येईल. ती १८८१ साली पुस्तकरूपाने आली. ब्रास कुबास स्पष्ट करतो की आपण मेलेला लेखक नव्हे, तर लेखक झालेला मेलेला माणूस आहोत. अशा निवेदकाला मी ‘मृत निवेदक’ म्हणेन. त्याच्या तोंडी मात्र नुसतं ‘मी मेलो’ घालू नये. मराठीत ठेच लागली तरी जिवंत माणूस ‘मेलो!’ म्हणतो. ‘मला मरण आलं’ हे बरं.

त्याला मरण येतं १८६९च्या ऑगस्टमध्ये, एका शुक्रवारी दुपारी दोन वाजता, रिओतल्या आपल्या वाडीत. वय चौसष्ट, लग्न नाही, पैसा भरपूर. स्मशानात अकरा मित्र येतात. पाऊस भुरभुरत असतो आणि एक मित्र भाषण करतो की निसर्गही या थोर माणसासाठी रडतो आहे. लगेच ब्रास त्या मित्राला मनापासून म्हणतो, तुझ्या नावे वीस रोखे ठेवले त्याचा मला पश्चात्ताप नाही. आपल्या मागे झालेलं भाषण ऐकायचं आणि त्याची किंमतही सांगायची, हे दोन्ही फक्त मेलेल्यालाच जमतं.

पुढे तो सांगतो की जिवंतपणी लोकांच्या नजरेला भिऊन माणूस आपली ठिगळं झाकत राहतो. मेल्यावर ती नजर उरत नाही, म्हणून मोकळेपणा हा मृताचा पहिला गुण. याच बळावर तो विर्जिलियाशी, म्हणजे एका राजकारण्याच्या बायकोशी, असलेले संबंध उघड मांडतो. पण माझ्या मते कादंबरीची खरी ताकद दुसरीकडे आहे. मरणाने त्याची भीड गेली, पण त्याला शहाणपण आलं नाही.

प्रुदेंसियो हा घरचा गुलाम मुलगा. लहानपणी ब्रास त्याला घोडा करायचा, तोंडात दोरीचा लगाम द्यायचा, पाठीवर बसून छडी मारायचा, आणि तो कण्हला की ‘गप बस, जनावरा!’ म्हणायचा. अनेक वर्षांनी रिओच्याच वालोंगो भागात एक कृष्णवर्णी माणूस दुसऱ्याला चाबकाने मारताना दिसतो. मारणारा असतो प्रुदेंसियो. ब्रासच्या वडिलांनी त्याला मुक्त केलेलं असतं आणि त्याने स्वतःसाठी एक गुलाम विकत घेतलेला असतो. शिवीही तीच: ‘गप बस, जनावरा!’ ब्रासने शब्द टाकताच तो तत्काळ थांबतो; धाकट्या मालकाने विनंती करायची नसते, हुकूम करायचा असतो, असं म्हणतो. पुढे चालता चालता ब्रासला हिशेब उमगतो: मिळालेले फटके प्रुदेंसियोने व्याजासकट दुसऱ्याला चुकते केले. आणि या हिशेबाची त्याला गंमत वाटते, लबाडाच्या हुशारीचं कौतुक वाटतं.

निवेदक जिवंत असता तर त्याने हे एकतर लपवलं असतं, नाहीतर माफी मागितली असती. मृताला कोणाची भीती नाही, त्यामुळे पश्चात्तापाचीही गरज नाही. तो सगळा पुरावा आपल्यासमोर ठेवतो आणि स्वतःला दोष देत नाही. ते काम वाचकावर येतं. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने १८८८मध्ये संपली. म्हणजे कादंबरी आली तेव्हा तिच्या वाचकांतले काही जण स्वतः मालक असणार. त्यांना उपदेश करण्यापेक्षा त्यांच्यातल्याच एकाला थडग्यातून निर्लज्जपणे बोलायला लावणं किती तरी भेदक आहे.

मृत निवेदक नुसती सजावट आहे की गरज, हे ओळखायला मी एक कसोटी लावते. त्याच्या जागी जिवंत म्हातारा ठेवून पाहावा. मजकुरात काही बिघडत नसेल तर मरण उगाच आणलेलं आहे. इथे प्रुदेंसियोचं प्रकरण लगेच मोडतं.

आता ‘भूत’. मराठीत भूत म्हटलं की वासना अडकलेला, जागा न सोडलेला जीव. ब्रासला जिवंतांकडून काही नको आहे, म्हणून तो भूत नव्हे. मेक्सिकोच्या हुआन रुल्फो यांच्या ‘पेद्रो पारामो’ (१९५५) मधल्या कोमाला गावाला मात्र हा शब्द शोभतो. तिथे हुआन प्रेसियादो बापाच्या शोधात येतो आणि मृतांच्या कुजबुजीने कादंबरीच्या निम्म्यातच स्वतः मरतो. मग तो त्याच थडग्यात पुरलेल्या एका बाईशी बोलत राहतो आणि आसपासच्या कबरींतले आवाज ऐकतो. ब्राससारखा एकच माणूस तिथे सगळं सांगत नाही. मेलेलं गावच आपली अडकलेली दुःखं तुकड्यातुकड्यांनी बोलतं, आणि कोण कधी मेलं हे वाचकाला स्वतः जुळवावं लागतं.