एंजिनची चाल समजत नसेल, तर आधी स्वतःची चाल खेळून बघा

प्रश्न: स्टॉकफिश मध्येच कडेचं प्यादं एक घर ढकलायला सांगतं. गुण बरे दाखवतं, पण चाल कशासाठी ते कळत नाही. त्यामागची कल्पना कशी शोधायची?

पुण्यात कोथरूडला मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. ॲनालिसिसला बसलं की हाच प्रश्न सतत येतो. एंजिनकडे चालीचं 'कारण' कुठेच साठवलेलं नसतं. ते लाखो पट तपासतं, शेवटच्या पटाला आकडा देतं आणि दोन्ही बाजू उत्तम खेळतील असं धरून तो आकडा मागे आणतं. स्क्रीनवर दिसते ती फक्त उरलेली ओळ. ज्या चाली बाद झाल्या त्या का बाद झाल्या, हे तिथे दिसत नाही, आणि चालीचा अर्थ बहुतेक वेळा त्या बाद ओळींतच असतो.

सिसिलियनमधलं नायडॉर्फ घ्या:

```
1. e4 c5 2. Nf3 d6 3. d4 cxd4 4. Nxd4 Nf6 5. Nc3 a6
```

नवख्याला a6 विचित्र वाटते. ना मोहरं बाहेर आलं, ना किल्लेकोट जवळ आला. इथे a6 च्या मागे न लागता आपल्याला खेळावीशी वाटणारी चाल खेळायची. समजा 5...e5. मधल्या घोड्याला हाकलायचं आणि केंद्रात जागा घ्यायची, इतका सरळ हेतू. आता पांढऱ्याचं पहिलं उत्तर बघा: 6.Bb5+. घोडा तूर्त तिथेच राहतो आणि आधी शह पडतो. 6...Bd7 7.Bxd7+ झालं की काळ्याचा पांढऱ्या घरांवरचा उंट गेला. घोड्याने मारलं, म्हणजे 7...Nbxd7, तर 8.Nf5. त्या घोड्याला हुसकायला g6 केलं की 9.Nxd6+ Bxd6 10.Qxd6, प्यादं गेलं. वजिराने मारलं तर प्यादं वाचतं, पण e5 खेळल्यामुळे d5 चं घर कायमचं मोकळं झालंय आणि ते राखणारा उंटच पटावर नाही.

आता तीच e5 चाल a6 नंतर खेळा: 5...a6 6.Be2 e5. पांढऱ्या उंटाला b5 चं घर नाही, म्हणून शह नाही. आणि पांढऱ्याने 7.Nf5 केलंच तर c8 वरचा उंट जागेवर आहे, तो घोड्याला लगेच मारतो. त्यामुळे पांढरा सहसा 7.Nb3 असा मागे जातो, आणि काळ्याचा उंट पुढे e6 वर येऊन d5 वर नजर ठेवतो. एक ओळ a6 शिवाय, एक a6 सह. त्या दोन ओळी जिथे वेगळ्या होतात, तीच कल्पना.

ही कल्पना खरी आहे का, हे तपासायला पांढऱ्याची चाल बदलून पाहा. 6.Bg5 आलं तर e5 चांगली नाही: 7.Bxf6 Qxf6 8.Nd5 आणि त्याच d5 वर घोडा येऊन बसतो. म्हणून तिथे काळा e6 खेळतो. म्हणजे a6 चा अर्थ 'आता e5 खेळणारच' असा नाही. b5 चं घर बंद केल्यामुळे e5 खेळायचं की e6, हे पांढऱ्याची चाल बघून ठरवता येतं. शिवाय पुढे b5 स्वतःच खेळण्याची सोय होते, ती वेगळी.

कधी कधी चाल स्वतःच्या योजनेसाठी नसून समोरच्याचा डाव थांबवण्यासाठी असते. लिचेसवर x दाबलं की आपण चाल सोडून दिली तर समोरचा काय करेल ते दिसतं. मोहरं पडत असेल किंवा मात होत असेल, तर चाल बचावासाठी आहे आणि फार खोल शोधायची गरज नाही. वरच्या पटावर, a6 च्या आधी, x दाबून असं मोठं काही हाती लागत नाही. तेव्हा 'पुढे मला काय करायचंय आणि आत्ता ते का जमत नाही' हा प्रश्न घ्यायचा.

हे सगळं करायच्या आधी एंजिनच्या तीन ओळी चालू करा. पहिली आणि तिसरी यांत फरक 0.10 चा असेल तर एकमेव कल्पना शोधत बसू नका, ती नसते. थोडा वेळ थांबलात तर क्रमसुद्धा बदलतो. फरक 1.00 च्या पुढे असेल, तर मात्र बाद झालेली दुसरी चाल खेळून तिची शिक्षा शोधाच. दाखवलेल्या ओळीच्या शेपटावर भरवसा ठेवू नका. पहिल्या चार-पाच चालींनंतरचा भाग पुरेसा तपासलेला नसतो. तिथवर पट हाताने चालवा, थांबून एंजिनला पुन्हा विचार करू द्या, मग पुढे जा.