पाटी रंगवण्यापूर्वी

‘पीठाची गिरणी. गहु दळुन मिळेल. तांदूळाचे पिठ ५० रू. किलो.’ पाटी रंगवायची आहे, काही चुकले आहे का?

शुद्ध मजकूर असा: ‘पिठाची गिरणी. गहू दळून मिळेल. तांदळाचे पीठ ५० रु. किलो.’

‘पीठ’ हा शब्द एकटा असताना दीर्घ आणि प्रत्यय लागताच ऱ्हस्व होतो, त्यामुळे एकाच पाटीवर ‘पीठ’ आणि ‘पिठाची’ ही दोन्ही रूपे बरोबर आहेत. रंगाऱ्याला हे आधीच सांगावे, नाहीतर तो दोन्ही सारखीच करून टाकतो. ‘तांदूळ’सारख्या तीन अक्षरी शब्दात मात्र प्रत्ययापूर्वी ऊकार गळून ‘तांदळाचे’ होते. ‘गहू’मधला अन्त्य उकार आणि ‘दळून’मधला ‘ऊन’ दीर्घच, तर ‘रुपये’मधला ‘रु’ ऱ्हस्व असल्याने त्याचे संक्षिप्त रूपही ऱ्हस्वच लिहावे.