१० लिटरच्या केससाठी पॉवर सप्लाय: एसएफएक्स, एसएफएक्स-एल की फ्लेक्स एटीएक्स?

*प्रश्न: १० लिटरची सँडविच पद्धतीची मिनी-आयटीएक्स केस घेतली आहे. प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, ग्राफिक्स कार्ड २०० वॅटचं आहे. केसमध्ये एसएफएक्स आणि एसएफएक्स-एल दोन्ही बसतात, पट्टी लावून फ्लेक्स एटीएक्सही बसतो. पीएसयूच्या कप्प्याची लांबी १६५ मिमी भरली. आवाज कमी हवा आहे. कोणता घेऊ?*

साधा एसएफएक्स घ्या, ६०० ते ६५० वॅटचा, पूर्ण मॉड्युलर. एसएफएक्स-एल तुमच्या केसमध्ये बसेल, पण केबल वळवायला जागा उरणार नाही. फ्लेक्सने तुमच्या बाबतीत काहीच हाती लागत नाही, उलट आवाज वाढतो.

आधी लांबीचं बघू, कारण निर्णय तिथेच होतो. एसएफएक्स १२५ मिमी रुंद, ६३.५ मिमी उंच आणि १०० मिमी लांब असतो. एसएफएक्स-एलची रुंदी, उंची आणि स्क्रूची भोकं तीच, फक्त लांबी १३०. हे माप इंटेलच्या मार्गदर्शिकेत नाही, उत्पादकांनीच रूढ केलेलं आहे. तुमच्या १६५ मधून १०० वजा केले तर ६५ मिमी उरतात, १३० वजा केले तर ३५. केसवाले ‘एसएफएक्स-एल चालतो’ म्हणतात तेव्हा पेटी आत बसते एवढंच त्यांना म्हणायचं असतं. त्या ३५ मिमीत २४ पिनचा कनेक्टर साधारण १५ ते २० मिमी बाहेर येतो आणि त्याच्यामागे जाड तारांचा गठ्ठा लगेच काटकोनात वळवावा लागतो. तो वळतोही, पण दाबाने. मग कनेक्टर खाचेत तिरका बसतो, एखादी पिन अर्धवट टेकते आणि भार वाढला की तिथेच गरम होते. बाजूचं झाकण लावताना केबल हाताने दाबून धरावी लागत असेल, तर समजा की जागा कमी पडली आहे.

मग एसएफएक्स-एल घेतातच कशाला? पंख्यासाठी. त्यात १२० मिमीचा पंखा मावतो, एसएफएक्समध्ये ९२ किंवा ८० मिमीचा. मोठा पंखा तेवढीच हवा कमी फेऱ्यांत हलवतो, हे खरंच. पण दोन्हीकडे पंखा बहुधा १५ मिमी जाडीचा, म्हणजे पातळच असतो. पातळ पंख्याला जाळीचा अडथळा नीट पेलत नाही, त्यामुळे कागदावर दिसतो तेवढा फरक कानाला जाणवत नाही. तुमच्यासारख्या भारावर चांगला ९२ मिमीचा पंखा ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांच्या आवाजात झाकला जातो. कप्पा १८० मिमीच्या वर असता तर मी एसएफएक्स-एल सुचवला असता.

आता भाराचा हिशेब. ८८ अधिक २०० म्हणजे २८८. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे ५० धरा. म्हणजे सगळं एकाच वेळी पूर्ण जोरात चाललं तर साधारण ३४० वॅट. गेम खेळताना प्रोसेसर क्वचितच पूर्ण ताणला जातो, तेव्हा प्रत्यक्षात याहून कमीच. मग ४५० वॅटचा का नको? कारण ग्राफिक्स कार्ड सरळ रेषेत वीज घेत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळासाठी ते आपल्या ठरलेल्या आकड्याच्या दुप्पटही उसळी घेऊ शकतं, आणि जुन्या धाटणीच्या सप्लायचं संरक्षण त्या उसळीला बिघाड समजून सगळं बंद करतं. एटीएक्स ३.० च्या नियमांत नव्या १६ पिनच्या ग्राफिक्स कनेक्टरसह येणाऱ्या, ४५० वॅटपेक्षा मोठ्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपर्यंत दुप्पट भार सोसावा अशी अपेक्षा आहे. ६००-६५० च्या गटात तसे एसएफएक्स मिळतात. शिवाय तुमचे ३४० वॅट म्हणजे ६०० च्या जेमतेम ५७ टक्के, आणि त्या पट्ट्यात पंखा शांत असतो. ८५० किंवा १००० चा घेण्यात अर्थ नाही. लांबी-रुंदी तीच असते, पण आत घटक जास्त दाटीने बसवलेले असतात आणि केबलचे गठ्ठेही जास्त येतात.

फ्लेक्स एटीएक्स ८१.५ × ४०.५ × १५० मिमीचा. आकारमान काढलं तर जवळपास अर्धा लिटर, तर एसएफएक्सचं ०.८ लिटरच्या आसपास. वाचतो तो ०.३ लिटर. पाच-सहा लिटरच्या केसमध्ये त्याला किंमत आहे, कारण तिथे जागेपेक्षा आकार महत्त्वाचा असतो आणि लांबट पेटी सांदीत सरकवता येते. तुमच्या दहा लिटरमध्ये तो ०.३ लिटर पट्टीतच जाईल. बदल्यात पंखा ४० मिमीचा मिळतो. ९२ मिमीच्या पंख्याचं क्षेत्रफळ त्याच्या पाचपट आहे. ३४० वॅटचा भार ९० टक्के कार्यक्षमतेने पुरवताना भिंतीतून सुमारे ३७८ वॅट ओढले जातात आणि ३८ वॅट उष्णता त्या पेटीतच राहते. ती बाहेर काढायला छोट्या पंख्याला मिनिटाला हजारो फेऱ्या माराव्या लागतात आणि त्याचा बारीक किणकिणाट दाराआडूनही ऐकू येतो. काही जण तो पंखा काढून दुसरा शांत लावतात. हवा कमी झाली की आतले कपॅसिटर तापतात, आणि मुख्य कपॅसिटर वीज काढल्यावरही बराच वेळ भारलेला असतो, म्हणून पेटी उघडण्याचा सल्ला मी देणार नाही. एकूण भार २०० वॅटच्या आत असेल तर मात्र फ्लेक्स वाईट नाही.

पंख्याचं तोंड कुठे करायचं याचाही विचार करा. बहुतेक सँडविच केसमध्ये सप्लाय दोन्ही दिशांनी लावता येतो. पंखा बाजूच्या जाळीकडे केला तर त्याला बाहेरची थंड हवा मिळते. आतल्या बाजूला केला तर तो प्रोसेसरच्या कूलरची गरम हवा ओढतो. जाळीकडेच करा आणि त्या झाकणावर बारीक धूळ-गाळणी असेल तर दर महिन्याला झटका, नाहीतर पातळ पंख्याचा दम तिथेच संपतो. कमी भारावर पंखा पूर्ण थांबवणारी सोय अनेक सप्लायमध्ये असते. मोठ्या केसमध्ये ती छान वाटते. लहान केसमध्ये शेजारच्या ग्राफिक्स कार्डाच्या उष्णतेने सप्लाय तापत राहतो, मग पंखा चालू-बंद-चालू करत बसतो, आणि सतत मंद फिरणाऱ्या पंख्यापेक्षा ते जास्त खटकतं. बटण दिलं असेल तर ती सोय बंद ठेवा.

केबलच्या लांबीत एसएफएक्सची खरी तडजोड दिसते. सोबत येणारी २४ पिनची केबल बहुधा ३०० मिमीच्या आसपास असते, प्रोसेसरची ४०० च्या. तुमच्या केसमध्ये सप्लाय पुढे आणि प्रोसेसरचा कनेक्टर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असेल, तर ४०० कधी पुरतात, कधी दोन बोटं कमी पडतात. विकत घेण्याआधी सुतळी घ्या, सप्लायच्या जागेपासून कनेक्टरपर्यंत केबल जाईल त्याच वाटेने, वळणांसकट ती फिरवा आणि मोजून ३० मिमी वाढवा. हाच आकडा सप्लायच्या तपशीलपत्रकातल्या लांबीशी ताडून पाहा. कमी पडली तर मापाची केबल करून घेता येते, पण ती तुमच्या सप्लायच्या नेमक्या मॉडेलसाठीच हवी. दुसऱ्या सप्लायची केबल ‘कनेक्टर बसतोय’ म्हणून लावू नका. मॉड्युलर केबलच्या सप्लायकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर किती व्होल्ट याचा समान नियम नाही. ५ व्होल्टच्या तारेवर १२ व्होल्ट गेले की एसएसडी क्षणात जळते, आणि ती चूक कुठलंही संरक्षण वेळेवर पकडत नाही.

ग्राफिक्स कार्डाला नवा १६ पिनचा कनेक्टर असेल तर त्याच्या तोंडापासून ३५ मिमीपर्यंत केबल सरळ ठेवा, वळण त्यानंतर. झाकण तेवढी जागा देत नसेल तर ८ पिनचं कार्ड निवडणं सोपं. २०० वॅटला एक ८ पिन पुरतो: त्याचे १५० आणि स्लॉटचे ७५.

एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सँडविच केसमध्ये सप्लाय आत असतो आणि भिंतीची वायर मागून येते, म्हणजे मधे केसची छोटी एक्स्टेंशन वायर असते. तिचं काटकोनी टोक एका ठरावीक बाजूलाच वळलेलं असतं. सप्लायचं सॉकेट उलट बाजूला असेल तर वायर केसच्या तळावर आपटते किंवा सप्लायचं चालू-बंद बटण झाकते. केसच्या सूचनापत्रकातलं चित्र आणि सप्लायच्या मागच्या बाजूचा फोटो शेजारी ठेवून बघा.

यूपीएस वापरत असाल तर सप्लायच्या परीक्षणात होल्ड-अप टाइम हा आकडा शोधा. वीज गेल्यावर सप्लाय स्वतःच्या कपॅसिटरवर किती मिलिसेकंद तग धरतो, ते तो सांगतो. लहान पेटीत कपॅसिटरला जागा कमी, म्हणून हा आकडा कधीकधी तोकडा असतो. घरगुती यूपीएसला बॅटरीवर जायला ४ ते १० मिलिसेकंद लागतात. पूर्ण भारावर १२ च्या खालचा आकडा दिसला तर मी तो सप्लाय सोडून देईन.

जोडणीनंतर एकदा ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर एकत्र ताणून अर्धा तास चालवा. गेम सुरू होताच किंवा दृश्य बदलताच संगणक एकदम काळा पडला आणि सप्लायचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठेना, तर उसळीवर संरक्षण लागलं. वीस-पंचवीस मिनिटं नीट चालून मग बंद पडला आणि थोडा निवल्यावर सुरू झाला, तर उष्णतेचा संशय घ्या आणि पंख्याची दिशा तपासा. विंडोजच्या नोंदीत दोन्ही वेळा फक्त `Kernel-Power 41` दिसेल. ती नोंद संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढंच सांगते, कारण सांगत नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टच्या खिडकीत त्याची विजेची मर्यादा तात्पुरती उतरवा:

```
nvidia-smi -pl 150
```

पहिल्या प्रकारचं बंद पडणं यानंतर थांबलं तर केबल आणि कनेक्टर आधी पुन्हा बसवून पाहा. तरीही २०० वॅटवर तेच होत असेल तर सप्लाय बदलून घ्या. १५० वॅटच्या मर्यादेवर कार्ड जेमतेम काही टक्के मंद होतं, म्हणून बदली येईपर्यंत तसंच वापरायलाही हरकत नाही.