बाळाच्या डोक्याचा घेर इंचात मोजलाय, चार्टवर सेंटीमीटरमध्ये कसा मांडायचा?

प्रश्न: मुलगी सहा महिन्यांची झाली. घरी शिंप्याच्या टेपने डोकं मोजलं तर १६ इंच आणि वर ३ बारीक रेघा आलं. मी १६.३ धरून २.५ ने गुणलं, ४०.७५ सेंमी आलं. मागच्या महिन्यात दवाखान्यातल्या फाइलवर ४०.९ लिहिलंय. डोकं कमी कसं झालं? चार्टवर पण रेघेच्या खाली दिसायलंय, काळजी करावी का?

उत्तर:

ताई, तुमच्या लेकीचं डोकं कमी झालेलं नाही, तुमच्या टेपवरच्या मापातून खरा आकडा ४१.६ सेंमी निघतो. फरक सगळा गुणाकारातला आहे, आणि तो दोन ठिकाणी झालाय. मी परभणीकडं एका बालरोग ओपीडीत नर्स आहे, लेकरांचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर घेऊन चार्टवर टिंब मांडायचं काम रोजचंच, आणि इंचातून आलेली मापं अशीच घसरलेली बऱ्याचदा दिसतात, म्हणून नीट सांगते.

पहिली गोष्ट त्या ३ रेघांची. शिंप्याच्या टेपवर इंचाचे बहुतेक ८ भाग असतात, १० नाही. आपल्याकडं शिंपी न् सुतार त्यालाच सूत म्हणतात, ८ सूत म्हणजे १ इंच. म्हणजे तुमचं माप १६ इंच ३ सूत आहे, आणि ३ सूत म्हणजे ३ भागिले ८, म्हणजे ०.३७५ इंच. ते १६.३ नाही, १६.३७५ झालं. आधी टेपवर खात्री करा की दोन इंचांच्या मधे ८ च घरं आहेत, काही टेपवर १६ असतात, मग ३ रेघांचा अर्थ वेगळा होईल. सूत जसजसं वाढेल तशी ही चूक मोठी होते. समजा माप १६ इंच ७ सूत असतं आणि कुणी १६.७ लिहिलं असतं, तर तिथंच जवळपास साडेचार मिलिमीटर उडाले असते.

दुसरी गोष्ट २.५ ची. एक इंच म्हणजे २.५४ सेंमी, पक्कं २.५४. कापड मोजताना २.५ चालून जातं, पण डोक्याचा घेर सोळा-सतरा इंच असतो, तेव्हा प्रत्येक इंचामागं राहिलेले ०.०४ सेंमी मिळून साडेसहा मिलिमीटर होतात. आणि २.५ ने गुणलं की आकडा नेहमी कमीच येतो, कधी जास्त येत नाही, म्हणून लेकराचं डोकं उगाच लहान दिसतं आणि आई-बाप घाबरतात. आता तुमचं गणित असं करा:

१६.३७५ × २.५४ = ४१.५९२५

म्हणजे ४१.६ सेंमी. राउंड फक्त शेवटी करायचं, एका दशांशापर्यंत, मधेच कुठं करायचं नाही. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आधी ३ भागिले ८ करा, त्यात १६ मिळवा, मग २.५४ ने गुणा, बस.

आता हा आकडा चार्टवर ठेवून बघा. भारतात पाच वर्षांखालच्या लेकरांसाठी डॉक्टर डब्ल्यूएचओचेच चार्ट वापरतात, मुलींचा वेगळा न् मुलांचा वेगळा, तुम्ही मुलीचाच घेतलाय ना ते आधी बघा कारण सहाव्या महिन्यात दोन्हींच्या मधल्या रेघेत एक सेंमीपेक्षा जास्त फरक आहे (मुलगी ४२.२, मुलगा ४३.३). मुलींच्या चार्टवर सहा महिने पूर्ण झाल्यावर मधली रेघ ४२.२ वर असते, तिच्या खालची उणे एकची रेघ ४०.९ वर आणि त्याच्याही खालची उणे दोनची ३९.६ वर. तुमचं ४०.७५ उणे एकच्या खाली जात होतं म्हणून तुम्हाला टिंब रेघेखाली दिसलं. ४१.६ मांडलं की ते मधल्या रेघेच्या थोडं खाली, उणे एकच्या बरंच वर येतं, आणि हे एकदम नेहमीचं आहे. खरं तर उणे एकच्या खाली टिंब गेलं तरी एवढ्यावरून कुणी काही आजार म्हणत नाही, डॉक्टर जास्त लक्ष देतात ते उणे दोनच्या खाली किंवा अधिक दोनच्या वर गेल्यावर.

आणि तुमच्याच प्रश्नात पुरावा आहे बघा. मागच्या महिन्यात ४०.९ होतं. पाच महिन्यांच्या मुलींची मधली रेघ ४१.५ च्या आसपास असते, तिथंही तुमची लेक मधल्या रेघेच्या साधारण तेवढीच खाली होती. आता ४१.६, म्हणजे महिन्यात ७ मिलिमीटर वाढ, आणि या वयात मधली रेघही पाचव्या ते सहाव्या महिन्यात साधारण तेवढीच चढते. लेकरू आपल्या वाटेनं चाललंय. निरोगी लेकराचं डोकं महिन्या-महिन्याला लहान होत नसतं, म्हणून चार्टवर टिंब मागं सरकलेलं दिसलं की आधी मापावर न् गणितावर शंका घ्यायची, मग लेकरावर.

आता इंचाचाच एक मोठा धोका सांगते जो मला सगळ्यात जास्त खटकतो. घरात बरेचदा माप 'साडेसोळा' नाही तर 'सोळा' असं सांगून सोडून देतात, म्हणजे अर्ध्या इंचापर्यंतच. अर्धा इंच म्हणजे १.२७ सेंमी, आणि चार्टवर या वयात एका रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंतचं अंतर पण जवळपास तेवढंच, १.३ सेंमी. तुमचंच माप बघा, खाली ढकलून १६ म्हटलं तर ४०.६ सेंमी होतं आणि वर ढकलून १६.५ म्हटलं तर ४१.९. एकाच लेकराचं, एकाच दिवशीचं माप, पण पहिलं टिंब उणे एकच्या खाली आणि दुसरं मधल्या रेघेजवळ. अशी दोन महिन्यांची दोन टिंबं जोडली की रेघ ओलांडल्यासारखी दिसते आणि मग विनाकारण तपासण्या सुरू होतात, नाही तर याच्या उलट, खरंच रेघ ओलांडली असेल ती दिसतच नाही. म्हणून इंचात मोजणार असाल तर सूत सुद्धा लिहायचंच.

त्यापेक्षा सोपं म्हणजे टेप उलटा करा. बहुतेक टेपच्या मागच्या बाजूला सेंटीमीटर छापलेलेच असतात, तिथूनच वाचलं तर गुणाकाराची भानगडच नाही. फक्त सेंटीमीटरचं शून्य कोणत्या टोकाला आहे ते बघा, काही टेपवर ते दुसऱ्या टोकाला असतं. आणि जुना कापडी टेप ओढून ओढून लांब झालेला असतो, लांब झालेला टेप डोकं कमी दाखवतो, तर त्याला एकदा पोराच्या शाळेच्या स्टीलच्या पट्टीशेजारी लावून बघा, ३० सेंमीला ३० जुळतं का. जुळत नसेल तर तो टेप बाळासाठी वापरू नका. दवाखान्यात आम्ही न ताणणारा टेप घेतो, त्यामुळं दवाखान्यातल्या मापाशी घरच्या मापाची तुलना करताना दोन-चार मिलिमीटर इकडं-तिकडं होणारच, त्यावर झोप उडवायची नाही.

मोजायची जागा पण सांगते, कारण जागा चुकली तर गणित कितीही बरोबर केलं तरी काय उपयोग. समोरून टेप भुवयांच्या जरा वर, बाजूनं कानांच्या वरून, आणि मागं डोक्याचा सगळ्यात जास्त बाहेर आलेला भाग असतो त्यावरून. म्हणजे सगळ्यात मोठा घेर. टेप केसांवर टेकलेला हवा, सैल नको आणि कातडी दबेल इतका आवळलेला नको. टाळू भरायच्या आधी मोजा, तेल लावल्यावर टेप सरकतो, आणि टोपडं, कुंची, क्लिप, काळा दोरा काही असेल ते काढून टाका. तीन वेळा मोजा, दर वेळी टेप काढून परत लावा, आणि बरोबर लागलेल्या मापांतलं सगळ्यात मोठं लिहा. तीन मापांत अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त फरक येत असेल तर टेप मागून घसरायलाय असं समजा, मागून धरायला घरातल्या दुसऱ्या कुणालातरी बसवा, लेकरू मांडीवर बसलेलं बरं.

आणखी एक, तुमची लेक दिवस पूर्ण होऊन झालेली आहे ना? सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेली असेल तर चार्टवर जन्मतारखेपासूनचं वय न घेता, जितके आठवडे लवकर आली तितके वजा करून मांडतात. दोन महिने लवकर जन्मलेलं लेकरू सहा महिन्यांचं असलं तरी त्याचं टिंब चार महिन्यांवर बसतं, आणि चार महिन्यांच्या मुलीची मधली रेघ ४०.६ आहे, म्हणजे तेच ४१.६ मग मधल्या रेघेच्या वर जातं. हे लोक विसरतात आणि गोंधळ वाढतो.

काळजी कधी करायची ते पण स्पष्ट सांगते. नीट मोजून, नीट बदलून सुद्धा टिंब उणे दोनच्या खाली किंवा अधिक दोनच्या वर गेलं, किंवा लागोपाठच्या मापांत टिंब सारखं वरच्या नाही तर खालच्या रेघेकडं सरकायलंय, तर फाइल घेऊन डॉक्टरांकडं जा. आणि शांत, बसलेल्या लेकराची टाळू फुगलेली वाटली, सारख्या उलट्या, डोळ्यांची बुबुळं खाली वळल्यासारखी, लेकरू सुस्त पडलंय किंवा झटके, असं काही दिसलं तर माप-बिप बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तुमच्या केसमध्ये यातलं काही लिहिलेलं नाही तुम्ही, तर तूर्त फाइलमध्ये ४०.७५ खोडा, ४१.६ लिहा आणि त्याच्या शेजारी '१६ इंच ३ सूत, घरी मोजलं' असं मूळ माप न् तारीख पण टाका, म्हणजे पुढच्या लसीला गेल्यावर डॉक्टरांना हे कुठून आलं ते कळेल आणि ते स्वतःच्या टेपने परत मोजून बघतील.