दगड काळा, रेघ लाल

प्रश्न : गोव्याच्या एका खाणीजवळ काळा, चकचकीत, जड दगड सापडला. घरच्या टाइलवर घासला तर लाल रेघ आली. दगड काळा असताना रेघ लाल कशी? आणि नुसत्या रेघेवरून खनिज नक्की ओळखता येतं का?

बहुतेक हेमॅटाइट आहे, म्हणजे लोखंडाचं खनिज. पण आधी मला सांगा, दगड धुतला होता का? टाइलच्या कुठल्या बाजूवर घासला? आणि घासण्याआधी फोडला होता का? या तिन्हींचं उत्तर ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ असेल तर तुमची लाल रेघ गोव्याच्या तांबड्या मातीचीही असू शकते. तिकडच्या कुठल्याही दगडाच्या खाचाखोचांत ती माती बसलेली असते. बसाल्ट घासलात तरी पहिली रेघ तांबूस येईल.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण याच गोष्टीवरून भर उन्हात पंधरा-वीस माणसांसमोर माझी फजिती झाली आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी भूशास्त्रात एम.एस्सी. होऊन दक्षिण गोव्यातल्या एका छोट्या खाणीवर लागलो होतो. लोखंड आणि मँगनीज तिथे एकाच डोंगरात, शेजारी शेजारी निघायचं. बाया हाताने माल निवडायच्या. मँगनीजचा ढीग वेगळा, लोखंडाचा वेगळा, उरलेलं डंपवर. निवड बघायला एक वयस्कर सुपरवायझर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांचा नियम सहा शब्दांचा होता : काळं ते मँगनीज, तांबडं ते लोखंड. हा नियम त्यांनी वीस वर्षं चालवला होता आणि माझ्या खिशातल्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्याकडे बघून ते हसायचे. ‘‘पाटी-पेन्सिल घेऊन आलाय,’’ म्हणायचे.

तेवढ्यात मँगनीजचा एक लॉट खरेदीदाराने परत पाठवला. मँगनीज फारच कमी आणि लोखंड भरपूर, असा रिपोर्ट. मामा म्हणाले लॅबची चूक. मी म्हणालो निवडीची चूक. मॅनेजर म्हणाले, जा, ढिगाजवळ जाऊन ठरवा.

ढिगातला एक गोटा मी उचलला. वरून काळाभोर, द्राक्षाच्या घडासारखे फुगवटे, पॉलिश केल्यासारखी चमक. फरशीवर जोरात घासला. रेघ काळी आली, म्हणजे मँगनीजच. मामांनी काही न बोलता बायांकडे बघितलं, आणि बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी दुसरा गोटा घेतला. पुन्हा काळपट.

तिसरा माझ्या हातून निसटून खडकावर आपटला आणि फुटला, म्हणून माझी नोकरी वाचली असं म्हणायला हरकत नाही. आतून तो काळा नव्हताच. गडद तपकिरी, मध्यापासून बाहेर पसरणारे रेशमासारखे तंतू, आणि वर नखाएवढ्या जाडीची काळी साल. मी घासत होतो ती ही साल. फुटलेला भाग घासला तर हळदीत चिमूटभर कॉफी मिसळावी तशी पिवळट तपकिरी रेघ. गोएथाइट. यातही लोखंडच असतं, पण पाणी धरलेलं.

मग मी हातोडा मागवला आणि बारा गोटे फोडून बाराही आतून घासले. दर वेळी फरशीची कोरी जागा. सात रेघा पिवळट तपकिरी, दोन लाल, तीन काळ्या. म्हणजे ‘मँगनीज’च्या ढिगातले नऊ गोटे लोखंडाचे. काळ्या रेघेच्या तिघांवर मी फर्स्ट एड पेटीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं, ते सोड्यासारखं फसफसून वर आलं. मँगनीज डायऑक्साइड पेरॉक्साइडचं विघटन झपाट्याने घडवून आणतो आणि सुटा झालेला ऑक्सिजन फेस काढतो. पिवळ्या रेघेवर तेच टाकलं तर जेमतेम एखादा बुडबुडा.

मामा म्हणाले, ‘‘फरशी खोटी असेल.’’

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. अख्ख्या दगडाचा रंग हा पृष्ठभागाचा रंग असतो. हेमॅटाइटचे स्फटिक मोठे आणि दाट असले की प्रकाश आत शिरून बाहेर येत नाही. थोडा वरूनच परततो, म्हणून धातूसारखी चमक दिसते, बाकीचा आत गिळला जातो, म्हणून काळेपणा. घासल्यावर जी पूड होते तिचे कण इतके बारीक असतात की प्रकाश त्यांच्यातून आरपार जाऊन विखुरतो. जाता जाता निळा-हिरवा भाग शोषला जातो आणि तांबडा उरतो. हेमॅटाइटची अगदी पातळ पापडी उन्हात धरली तर तीही रक्तासारखी लाल दिसते. तुळशीवृंदावनाला फासतो तो गेरू हेच खनिज, फक्त मुळातच बारीक. मॅग्नेटाइट या लोखंडाच्या दुसऱ्या काळ्या खनिजाचा बारीक कणही सगळाच प्रकाश गिळतो, म्हणून त्याची पूड काळीच राहते. म्हणजे रेघ काही जादू करत नाही. कण किती मोठे, वर साल कसली, गंज किती, पॉलिश किती, असे वरवरचे फरक ती पुसून टाकते आणि प्रत्येक दगडाला एकाच जाडीची पूड करून समोर ठेवते.

आपल्या मराठी पुस्तकांत याला ‘कस’ म्हणतात आणि तो शब्द मला फार आवडतो. फक्त सोनाराच्या कसोटीशी गल्लत करू नका. तिथे दगड काळा असतो आणि त्यावर धातूचा पातळ थर ओढला जातो. इथे फरशी पांढरी आणि खनिजाची पूड.

फरशी म्हणजे टाइलची पुढची चकचकीत बाजू नव्हे. तिच्यावर काचेचा लेप असतो, दगड घसरतो आणि पूड पडत नाही. मागची खरखरीत बाजू हवी, तीही पांढरी. हल्ली बऱ्याच टाइल्सची पाठ विटकरी असते, तिच्यावर लाल रेघ शोधणं म्हणजे स्वतःला फसवणं. त्यापेक्षा चिनीमातीचा जुना किटकॅट फ्यूज फोडा. त्याची फुटलेली बाजू उत्तम कस देते. कपाच्या बुडाची बिनलेपाची कडही चालते. माझा तुकडा प्रयोगशाळेतल्या फुटक्या प्लेटचा होता आणि अजून टेबलाच्या खणात आहे. मळला की पाण्याखाली पॉलिशपेपरने घासायचा. आधीच्या रेघेवर नवी रेघ ओढली की काय होतं तेही मी त्याच आठवड्यात शिकलो, ती फजिती इथे सांगत नाही.

लॅबने नंतर ढिगाचा नवा नमुना तपासला आणि आकडे माझ्या बाजूने आले. पण मामांनी मला कधीच ‘तुझं बरोबर होतं’ म्हटलं नाही. उलट पुढे वर्षभर नव्या पोरांना सांगत राहिले की डोळा तयार झाला की फरशी लागत नाही. हेच वाक्य मी नंतर मोठमोठ्या लोकांच्या तोंडून ऐकलंय आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. डोळा तयार होतो कशाने? हजार वेळा फोडून, घासून, तपासून. मामांनी वीस वर्षं फोडलंच नव्हतं, नुसतं पाहिलं होतं. वीस वर्षं साल बघणारा डोळा सालीचाच तज्ज्ञ होतो.

मामांच्या बाजूनेही एक सांगायला हवं, नाहीतर माझी बायको म्हणेल एकतर्फी लिहिलं. निवड चालू असताना प्रत्येक गोटा फोडून घासणं शक्यच नव्हतं, तसं केलं असतं तर दिवसाला एक टिप्परही भरला नसता. आणि निव्वळ हाताने वजन तोलून मामा पोकळ गोटा बाजूला काढायचे, ते मला कधी जमलं नाही.

कसाच्या मर्यादा मात्र खऱ्या आहेत. खनिजांची कठिनता मोजायच्या एक ते दहाच्या मोह्स मापावर फरशीची कठिनता साडेसहा ते सातच्या आसपास. त्याहून कठीण खनिज घासलं तर खनिज झिजत नाही, फरशीच झिजते, आणि जी पांढरी रेघ दिसते ती फरशीची पूड असते. बोटाने पुसलीत की खाली ओरखडा दिसेल. अशा वेळी खनिजाचा कण खलबत्त्यात कुटून पूड पांढऱ्या कागदावर बघायची. दुसरं, हलक्या रंगाच्या खनिजांत कस जवळपास निरुपयोगी आहे. नाशिक-पुण्याकडच्या खाणींतला हिरवा अपोफिलाइट, गुलाबी स्टिल्बाइट, जांभळा अॅमेथिस्ट, सगळ्यांची पूड पांढरी, कारण त्यांचा रंग किंचितशा भेसळीचा असतो. काचेच्या रंगीत बांगडीचा चुरा पांढरट दिसतो तसंच. कस उपयोगी पडतो तो धातूसारख्या चमकणाऱ्या किंवा गडद खनिजांत. सोनं म्हणून घरात जपलेल्या पायराइटची रेघ हिरवट काळी आली की घरात शांतता पसरते, तो प्रकार मी दोनदा पाहिलाय.

तिसरी अडचण मिश्रणाची. गोव्याच्या मालात हेमॅटाइट आणि गोएथाइट इतके मिसळलेले असतात की रेघ ना धड लाल ना धड पिवळी, मधलीच काहीतरी विटकरी येते. त्यावरून टक्केवारी सांगणारा माणूस थापा मारतोय असं समजा. शुद्ध हेमॅटाइटमध्ये लोखंड ७० टक्के आणि गोएथाइटमध्ये ६३ टक्के हे गणित खरं आहे, पण तुमच्या दगडात माती आणि सिलिका किती, हे रेघ सांगत नाही. त्याला रासायनिक तपासणीच लागते.

तेव्हा तुमचा दगड ब्रशने घासून धुवा, वाळवा, जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडा (डोळ्यांना चष्मा लावा) आणि ताजी बाजू टाइलच्या पांढऱ्या पाठीवर घासा. अजूनही रेघ गेरूसारखी लाल आली तर हेमॅटाइट धरून चाला. पिवळट तपकिरी आली तर थोडी पूड जुन्या स्टीलच्या चमच्यात घेऊन गॅसवर चांगली तापवा. गोएथाइट असेल तर पाणी निघून जाऊन पूड तुमच्यासमोर तांबडी होईल, साधारण ३०० अंशांच्या आसपास. काळी आली तर त्याच पुडीला लोहचुंबक लावा. झटकन चिकटली तर मॅग्नेटाइट. नाही चिकटली तर मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणून दोन थेंब टाका आणि फसफसतंय का ते मला खाली लिहा. फोटो पाठवू नका. फोटोत साल दिसते.